एका क्लिकचे तीन धनी

चोरीचे सिनेमे फुकटात दाखवणाऱ्या वेबसाइटवर पडद्याच्या मधोमध त्रिकोणी ‘प्ले’ बटण असतं. ते पहिल्यांदा दाबलं की सिनेमा सुरू होत नाही, नवा टॅब उघडतो आणि त्यात बेटिंगची जाहिरात असते. तो टॅब बंद करून पुन्हा दाबलं, तर दुसरी जाहिरात. तिसऱ्यांदा दाबल्यावर मात्र खरोखर चित्र हलू लागतं. बघणारा वैतागतो, साइट भंगार आहे असं म्हणतो आणि सिनेमात रमतो. पण ही साइट अजिबात भंगार नाही. पहिला क्लिक कुणाचा, दुसरा कुणाचा आणि तिसराच बघणाऱ्याच्या वाट्याला का, हे इतकं नेमकं ठरलेलं असतं की ते उलगडत जाताना थक्क व्हायला होतं.

या आखणीचं मूळ पॉप-अपच्या जन्मात आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ट्रायपॉड नावाची कंपनी लोकांना स्वतःची वेबपानं बनवू द्यायची आणि त्या पानांवर जाहिराती लावायची. एकदा एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात नेमकी लैंगिक मजकुराच्या पानावर झळकली आणि ती कंपनी भडकली. तेव्हा ट्रायपॉडमध्ये काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी तोडगा काढला. जाहिरात पानात ठेवायचीच नाही, तिच्यासाठी वेगळी खिडकी उघडायची, म्हणजे पानावर काय आहे याच्याशी जाहिरातदाराचा संबंध दिसणार नाही. पुढे या खिडक्यांनी जगाला इतका ताप दिला की २०१४ साली झुकरमन यांनी लेख लिहून माफी मागितली. प्रतिष्ठित जाहिरातदाराची अब्रू वाचवण्यासाठी निघालेली ही युक्ती आज बहुतेक अशा पानांवर जगते, जिथं प्रतिष्ठित जाहिरातदार फिरकतही नाही.

मधल्या काळात ब्राउझर बनवणाऱ्यांनी बंदोबस्त केला. २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, त्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या सुधारणेतून इंटरनेट एक्सप्लोररलाही पॉप-अप अडवण्याची सोय मिळाली. तेव्हापासून रुळलेला नियम साधा आहे: पानाने आपणहून नवी खिडकी उघडायची नाही. माणसाने क्लिक केला किंवा कळ दाबली, तरच परवानगी. क्रोमसारख्या आजच्या ब्राउझरमध्ये ही परवानगी काही सेकंदच टिकते आणि एक खिडकी उघडली की संपते.

नियम चांगलाच होता, पण त्यातून कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. जाहिरात उघडायला माणसाचा क्लिक लागतो म्हटल्यावर क्लिकलाच बाजारभाव आला. माणूस हमखास कुठे क्लिक करेल? सिनेमा बघायला आलेला माणूस ‘प्ले’वर करेल. मग त्या बटणावर डोळ्यांना न दिसणारा एक थर पसरायचा. त्यामागचा कोड इतकुसा असतो:

```html
<div style="position:fixed; inset:0; opacity:0; z-index:9999"
     onclick="window.open('https://example.com'); this.remove()">
</div>
```

`opacity:0` म्हणजे पूर्ण पारदर्शक, `inset:0` म्हणजे चारही कडांपर्यंत पसरलेला आणि मोठा `z-index` म्हणजे सगळ्यांच्या वर. आपण बटण दाबतो असं वाटतं, प्रत्यक्षात बोट या थरावर पडतं. ब्राउझरच्या दृष्टीने हा माणसाचा खराखुरा क्लिक असतो, म्हणून तो खिडकी उघडू देतो. काम झालं की `this.remove()` मुळे थर नाहीसा होतो.

आता दुसरा क्लिक. अशा बहुतेक साइटवर सिनेमाची फाइल नसतेच. ती दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर असते आणि तिथला प्लेअर एका चौकटीत, म्हणजे आयफ्रेममध्ये, आणून बसवलेला असतो. सुरक्षिततेसाठी ब्राउझर बाहेरच्या पानाला परक्या चौकटीतले क्लिक कळू देत नाही. म्हणून तर साइटच्या मालकाला चौकटीवर थर घालावा लागतो. तो थर निघाला की खाली दुसऱ्या मालकाचा प्लेअर उघडा पडतो, आणि त्यालाही सर्व्हरचा खर्च भागवून वर कमाई करायची असते. त्याने चौकटीच्या आत स्वतःचा थर लावलेला असतो. पहिला क्लिक साइटवाल्याचा, दुसरा प्लेअरवाल्याचा, तिसरा आपला. जिथं दोन्ही ठिकाणी एकाहून जास्त जाहिरात-जाळी जोडलेली असतात, तिथं क्लिकही वाढतात. पण अखेर सिनेमा लागतो, कारण तो लागलाच नाही तर माणूस उद्या परत येणार नाही.

विकलेला क्लिक जातो कुठे, हे याहून विलक्षण आहे. उघडलेल्या टॅबमध्ये थेट जाहिरात येत नाही. पत्त्याच्या पट्टीकडे नीट पाहिलं तर क्षणभरात तीन-चार पत्ते सरकून गेलेले दिसतात. या वाटेवर एक सर्व्हर आपली वर्गवारी करतो: कोणत्या देशातला माणूस, फोन की कॉम्प्युटर, विंडोज की अँड्रॉइड, ब्राउझर कोणता. त्यावरून हा क्लिक कुणाला द्यायचा ते ठरतं. म्हणून एकाच बटणावर फोनवाल्याला रमीचं अ‍ॅप दिसतं आणि लॅपटॉपवाल्याला ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला’ अशी पाटी. तपासणाऱ्या तज्ज्ञाचा क्लिक वाटला, तर त्याला एखादं निरुपद्रवी पान दाखवून वाटेला लावतात. साइटच्या मालकाला कित्येकदा माहीतही नसतं की त्याने विकलेला क्लिक शेवटी कुठे पोचला.

डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा पथकाला अशीच एक वाट सापडली. मार्च २०२५ मध्ये त्यांनी तिचा पूर्ण तपशील जाहीर केला. जगभरातल्या जवळपास दहा लाख उपकरणांना तिची झळ पोचली होती, घरच्या कॉम्प्युटरपासून कंपन्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत. सुरुवात दोन बेकायदा सिनेमा-साइटपासून होत होती. क्लिक पळवणारा कोड सिनेमाच्या चौकटीतच बसवलेला होता. तिथून चार-पाच टप्प्यांची वाट सुरू व्हायची, मधला एखादा टप्पा नकली तांत्रिक मदतीच्या पानाचा असायचा आणि शेवट बहुतेकदा गिटहबवर व्हायचा. गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात ती जागा. काम करणारी माणसं रोज वापरतात असा पत्ता, त्यामुळे संशय कुणाला येणार? काही फाइल डिस्कॉर्ड आणि ड्रॉपबॉक्सवरही ठेवलेल्या होत्या.

उतरवलेली पहिली फाइल फक्त पाय रोवण्यापुरती होती. तिच्यावर डिजिटल सहीही होती. विंडोज अनोळखी बनवणाऱ्याच्या प्रोग्रामबद्दल सावध करतं, म्हणून या टोळीने नवी प्रमाणपत्रं मिळवून फाइलींवर सह्या केल्या. अशी बारा प्रमाणपत्रं सापडली आणि ती रद्द करण्यात आली. दुसऱ्या टप्प्यातली फाइल कॉम्प्युटरची चौकशी करायची: मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, स्क्रीन केवढा, विंडोजची आवृत्ती कुठली. ही सगळी माहिती एका लांबलचक वेबपत्त्यात गुंडाळून टोळीच्या सर्व्हरकडे जायची. ती पाहून पुढचा टप्पा यायचा. त्यात विंडोजच्या डिफेंडरला ‘अमुक फोल्डर तपासू नकोस’ असं बजावलं जायचं, काही ठिकाणी दुरून कॉम्प्युटर चालवता येईल असा नेटसपोर्ट बसवला जायचा, आणि लुमा किंवा डोनेरियम नावाचे इन्फोस्टीलर सोडले जायचे.

इन्फोस्टीलर काही बिघडवत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, क्रिप्टो-वॉलेटच्या फाइल आणि कुकी उचलतो. यातली कुकी बारकाईने समजून घ्यायला हवी. आपण ईमेलमध्ये पासवर्ड आणि ओटीपी देऊन शिरतो, तेव्हा ती साइट ब्राउझरकडे एक लांब सांकेतिक ओळ ठेवायला देते. जत्रेत तिकीट बघून मनगटावर शिक्का मारतात आणि नंतर शिक्का दाखवला की पुरतं, तसंच. ही ओळ दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये गेली तर बऱ्याच साइट त्याला ‘आत आलेला माणूस’ समजतात. पासवर्ड विचारला जात नाही, ओटीपीही येत नाही. ओटीपी कुणाला सांगू नका हा सल्ला आपण घरोघरी पाठ केला, पण इथं ओटीपी मागितलाच जात नाही. मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो.

मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट, अमेरिकेचं न्याय खातं आणि युरोपोल यांनी मिळून लुमाची सुमारे २,३०० वेबनावं ताब्यात घेतली किंवा बंद पाडली. १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत लुमाने ग्रासलेले ३,९४,००० विंडोज कॉम्प्युटर तोवर सापडले होते. या चोरांच्या पसरण्याची आणखी एक रीत म्हणजे नकली ‘मी रोबो नाही’ची चौकट. तिच्यावर क्लिक केला की त्याच क्लिकच्या जोरावर पान गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवतं. मग ते सांगतं, विंडोज आणि R दाबा, मग कंट्रोल आणि V, मग एंटर. माणूस आपल्याच हाताने चोराची आज्ञा आपल्या कॉम्प्युटरवर चालवतो. खरी कॅप्चा ब्राउझरच्या बाहेरचं काहीही करायला कधीच सांगत नाही.

नुसता क्लिक झाला, टॅब उघडला आणि आपण तो बंद केला, तर अद्ययावत ब्राउझरवर सहसा काही बिघडत नाही. वेबपान एका बंदिस्त कप्प्यात चालतं, त्याला आपणहून प्रोग्राम बसवता येत नाही. वरच्या सगळ्या कहाणीत माणसाच्या आणखी एका होकाराची गरज होती: उतरलेली फाइल उघडणं, आज्ञा चिकटवणं, फोनवर ‘अनोळखी अ‍ॅप बसवू द्या’ला परवानगी देणं. ‘अलाऊ दाबा म्हणजे सिनेमा सुरू होईल’ हाही तसाच होकार, मात्र त्याने फक्त नोटिफिकेशनची परवानगी जाते आणि मग ब्राउझर चालू असेल तेव्हा खोट्या सूचनांचा मारा सुरू होतो. क्रोममध्ये `chrome://settings/content/notifications` इथं जाऊन ती काढून घेता येते.

फसवणूक ओळखण्याची खूण एकच आणि पक्की आहे. ब्राउझरमधला व्हिडिओ ब्राउझरमध्येच चालतो. ‘प्ले’ दाबल्यावर एखादी फाइल उतरली, प्लेअर किंवा कोडेक बसवा असं कुणी म्हटलं, तर ते बटण सिनेमाचं नव्हतं. विंडोज मुळात फाइलच्या नावाचा शेपटाकडचा भाग लपवतं, त्यामुळे `cinema.mp4.exe` ही फाइल `cinema.mp4` अशी दिसते. फाइल एक्सप्लोररमध्ये हा भाग दिसेल अशी सोय करून ठेवली तर `.exe` लगेच नजरेत येतं.

फाइल उघडली गेलीच असेल, तर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडून दुसऱ्या स्वच्छ फोनवरून कामाला लागावं. आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, मग बँकेचा, आणि प्रत्येक खात्यात ‘सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट’ हा पर्याय नक्की वापरावा, कारण चोरलेली कुकी त्यानेच निकामी होते. काही साइट नुसता पासवर्ड बदलल्यावर जुनी कुकी रद्द करत नाहीत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.