स्वप्न विरते कसे?

पहाटेचे स्वप्न जाग येताक्षणी स्पष्ट असते. मुखमार्जन आटोपेपर्यंत त्याचा एखादाच धागा हाती उरतो. हा स्मरणशक्तीचा दोष नव्हे.

शिकागो विद्यापीठात विल्यम डिमेंट व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५७ मध्ये झोपलेल्या व्यक्तींना निरनिराळ्या वेळी जागे केले. बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलत असताना उठविल्यास बहुतेकांना स्वप्न सविस्तर सांगता येई. ही अवस्था संपल्यावर काही मिनिटांनी उठविल्यास मात्र फारच थोड्यांना काही आठवे.

याचे एक कारण मेंदूतील रसायनांत सापडते. जागेपणी घडलेली गोष्ट स्मृतीत पक्की होण्यास नॉरअॅड्रेनालिन हे द्रव्य साहाय्य करते. बुबुळांच्या हालचालीच्या निद्रेत ते स्रवणाऱ्या पेशी जवळजवळ मूक होतात. अॅसिटिलकोलिन मात्र विपुल असल्याने दृश्ये ठळक उमटतात. व्यवहार तर झाला, पण रोजमेळातून खतावणीत उतरलाच नाही, असा हा प्रकार. जाग येताच नॉरअॅड्रेनालिन परतते. तोवर नव्या संवेदना स्वप्नाची जागा घेऊ लागतात.

जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये या निद्रेत सक्रिय असलेल्या काही पेशी उंदरांमध्ये शांत केल्या, तेव्हा त्यांची स्मृती सुधारली. विसरणे हे मेंदूचे कार्यही असावे, असे यावरून दिसते. मात्र उंदरांची स्वप्ने कोणी तपासलेली नाहीत.

स्वप्न जपायचेच असेल, तर जाग आल्यावर कूस न बदलता शेवटचे दृश्य मनात आणावे, त्यावरून मागे जावे आणि लगेच टिपून ठेवावे.