नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस: त्वचेखाली पसरणारी कूज

हातापायाच्या त्वचेखाली चरबीचा थर असतो आणि त्याच्या तळाशी स्नायूंना वेढून असलेला पांढरट, चिवट पडदा. या पडद्याला फॅशिया म्हणतात. नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस हा जंतुसंसर्ग या पडद्याच्या पातळीवर आडवा पसरत जातो. जंतूंची विषे आणि सूज यांमुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्वचेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या याच पडद्यातून वर येत असल्याने त्या बंद पडल्या की वरची त्वचाही मरते, पण ती सर्वांत शेवटी. बाहेरून जेमतेम लाल दिसणाऱ्या पायात आत वीतभर अंतरापर्यंत कूज गेलेली असू शकते. या आजारात निदान चुकते ते बहुतेक वेळा या अंतरामुळे.

काही रुग्णांत हा संसर्ग एकट्या स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूमुळे होतो, आणि तेव्हा रुग्ण तरुण व एरवी धडधाकटही असू शकतो. मधुमेहींमध्ये पुष्कळदा अनेक प्रकारचे जंतू एकत्र सापडतात. यकृताचा जुना आजार असलेल्या माणसाच्या जखमेला समुद्राचे कोमट पाणी लागले, तर व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू काही तासांत पाय गिळू शकतो. सुरुवात मात्र क्षुल्लक असते. काटा, नखाजवळची चीर, टाचेची भेग, कीटकदंश एवढे निमित्त पुरते, आणि कित्येकदा जखम शोधूनही सापडत नाही.

पहिल्या एकदोन दिवसांत पाय सुजतो, लाल होतो, गरम लागतो. सेल्युलायटिस या कितीतरी अधिक आढळणाऱ्या आणि प्रतिजैविकांनी बऱ्या होणाऱ्या संसर्गातही नेमके हेच दिसते. फरक सांगते ती वेदना. दिसणाऱ्या लालीच्या मानाने दुखणे फार जास्त असते, आणि लाली संपते तिथून चार बोटे पुढे, वरकरणी निरोगी त्वचेवर दाबले तरी रुग्ण कळवळतो. सूजही लालीच्या हद्दीबाहेर गेलेली असते आणि हाताला लाकडासारखी टणक लागते. नाडी जलद चालते, रुग्ण मलूल दिसतो, एखाद्याला भ्रम होतो. ताप असेलच असे नाही.

पुस्तकांतल्या छायाचित्रांत दिसणारी चिन्हे, म्हणजे जांभळी-काळी त्वचा, रक्ताने भरलेले फोड, दाबल्यावर त्वचेखाली होणारी वायूची करकर, ही उशिराची आहेत. ती दिसली तर संशयाला जागा उरत नाही. ती दिसत नाहीत म्हणून निर्धास्त होणे मात्र घातक ठरते. त्याच सुमारास आणखी एक फसवा बदल होतो. त्वचेकडे जाणाऱ्या नसा मेल्या की तो भाग बधिर होतो आणि रुग्ण ‘आता बरे वाटते’ असे सांगतो. मधुमेहाने पायाची संवेदना आधीच गेली असेल, किंवा कोणी वेदनाशामक इंजेक्शन दिले असेल, तर वेदनेची ही सूचना सुरुवातीपासूनच दबलेली असते.

निदानाचा रस्ता कसा चालतो हे एका नमुना रुग्णावरून पाहता येईल. मधुमेह असलेल्या ५२ वर्षांच्या शेतकऱ्याच्या पावलात बाभळीचा काटा मोडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो तालुक्याच्या रुग्णालयात आला, तेव्हा पाऊल आणि घोटा लाल होता, सूज पोटरीपर्यंत होती आणि नाडी ११० होती. रक्त तपासणीला गेले.

अशा वेळी रक्ताच्या साध्या तपासण्यांवरून गुण मांडण्याची एक पद्धत वापरतात. एलआरआयएनईसी या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ साली मांडली. तिच्यात सहा आकडे लागतात. सीआरपी लिटरला १५० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर ४ गुण. पांढऱ्या पेशी १५ ते २५ हजारांच्या दरम्यान असतील तर १, त्याहून जास्त असतील तर २. हिमोग्लोबिन ११ ते १३.५ असेल तर १, ११ च्या खाली असेल तर २. सोडियम १३५ च्या खाली असेल तर २, क्रिएटिनिन १.६ च्या वर असेल तर २ आणि रक्तातील साखर १८० च्या वर असेल तर १. एकूण गुण १३. सहा किंवा अधिक गुण झाले तर या आजाराचा संशय घ्यावा आणि आठ किंवा अधिक झाले तर तो बळकट मानावा, असा संकेत आहे.

या शेतकऱ्याचा सीआरपी ११०, पांढऱ्या पेशी १४,२००, हिमोग्लोबिन १२.१, सोडियम १३४, क्रिएटिनिन १.२ आणि साखर २६० आली. हिमोग्लोबिनचा १, सोडियमचे २ आणि साखरेचा १ मिळून ४ गुण झाले. सहाच्या आत असल्याने सेल्युलायटिस धरून प्रतिजैविके सुरू झाली. एक गोष्ट मात्र चांगली झाली. परिचारिकेने लालीच्या कडेने पेनने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. पहाटे चार वाजता लाली रेघेच्या चार बोटे वर गेली होती, पोटरीवर टाचणी टोचलेली कळत नव्हती, नाडी १२८ झाली होती आणि रक्तदाब उतरत होता. रक्त पुन्हा पाठवले, पण शल्यचिकित्सकाने अहवालाची वाट पाहिली नाही. रुग्ण ऑपरेशन टेबलावर असताना आकडे हाती आले: सीआरपी २४०, पांढऱ्या पेशी २१,०००, हिमोग्लोबिन ११.४, सोडियम १३०, क्रिएटिनिन १.९, साखर ३१०. चार, एक, एक, दोन, दोन आणि एक, म्हणजे ११ गुण.

संध्याकाळचे चार गुण म्हणजे प्रयोगशाळेची चूक नव्हती. ही पद्धत संसर्गावर शरीराने दिलेला प्रतिसाद मोजते, आणि तो प्रतिसाद आकड्यांत उतरायला वेळ लागतो. सीआरपी यकृतात तयार होऊन रक्तात चढेपर्यंत बरेच तास जातात. क्रिएटिनिन वाढते ते मूत्रपिंडांना झळ बसल्यानंतर. म्हणून गुण चढतात तेव्हा आजारही पुढे गेलेला असतो. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसले की सहा गुणांची मर्यादा ठेवली तर या आजाराच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याचे रुग्ण निसटतात. उलट बाजूने, आपल्याकडे रक्तक्षय आणि अनियंत्रित मधुमेह इतके आढळतात की साध्या सेल्युलायटिसच्या रुग्णालाही दोनतीन गुण आयते मिळतात. जास्त गुण आले तर घाई करावी. कमी गुण आले म्हणून हाताला जाणवणारी टणक सूज आणि लालीबाहेरची वेदना खोटी ठरवू नये. एक्स-रेमध्ये वायू दिसला तर उपयोग होतो, पण बऱ्याच रुग्णांत तो नसतोच. सीटी स्कॅन अधिक खात्रीचा आहे, मात्र त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवणे परवडत नाही.

शंका उरली तर उत्तर पायातच शोधावे लागते. भूल देऊन संशयित जागी सुमारे दोन सेंटिमीटरचा छेद फॅशियापर्यंत घेतात. निरोगी ऊतीतून रक्त येते आणि चरबी पडद्याला घट्ट चिकटलेली असते. इथे रक्त जवळजवळ येत नाही, धुणाचे पाणी असावे तसा पातळ, राखाडी, कधी दुर्गंधी येणारा द्रव बाहेर पडतो आणि बोट चरबी व पडदा यांच्यामधून विनाअडथळा पुढे सरकते. घट्ट पू सापडेल ही अपेक्षा चुकीची असते. पू नाही म्हणून छेद शिवून टाकल्याने मोलाचे तास गेल्याची उदाहरणे आहेत.

या शेतकऱ्याच्या बाबतीत हीच चाचणी शस्त्रक्रियेची पहिली पायरी ठरली. तोवर शिरेतून सलाइन आणि व्यापक प्रतिजैविके सुरू होती. त्यांत क्लिंडामायसिनही होते, कारण ते जंतूंची विषनिर्मिती रोखते. पण ज्या ऊतीत रक्तच पोचत नाही तिथे कोणतेही औषध पोचत नाही. म्हणून मृत ऊती कापून काढणे, म्हणजे डिब्राइडमेंट, हाच मूळ उपचार आहे. पेनिसिलिनचा शोध लागण्याआधी, १९२४ साली, पेकिंगमध्ये काम करणाऱ्या फ्रँक मेलेनी यांनी अशा रुग्णांवर लांब छेद घेऊन उपचार केल्याचे नोंदवले आहे आणि त्यांतले बहुसंख्य रुग्ण वाचले होते. रक्तदाब पूर्ण सावरेपर्यंत शस्त्रक्रिया थांबवत नाहीत. सावरणे आणि कापणे बरोबरच चालते. रुग्णालयात आल्यापासून सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू लक्षणीयरीत्या कमी आढळले आहेत.

छेद पायाच्या लांबीच्या दिशेने घेतात आणि सांध्यावरून जाताना वळवतात, नाहीतर पुढे व्रण आखडून सांधा जखडतो. किती कापायचे हे त्वचेच्या रंगावरून ठरत नाही. राखाडी, निस्तेज, बोटाने सहज सुटणारा पडदा काढत जायचे आणि चरबी घट्ट चिकटलेली व कापलेली कड रक्ताळणारी लागली की थांबायचे. रक्त येते की नाही हीच कसोटी असल्याने पायावर रक्तबंधाचा पट्टा आवळून ठेवून हा निर्णय घेता येत नाही. खालचा स्नायू सहसा वाचलेला असतो. त्याचा रंग, घट्टपणा, रक्तस्राव आणि विजेच्या चिमट्याने स्पर्श केल्यावर तो आकसतो का, हे पाहून त्याची पारख होते. वरची त्वचा रक्ताळत असेल तर ती राखतात, कारण पुढे झाकणीला तीच उपयोगी पडते. काढलेल्या ऊतीचे तुकडे कल्चरसाठी आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. नुसता वरवरचा स्वॅब पुरत नाही. जखम धुऊन उघडीच ठेवतात, टाके घालत नाहीत.

या टप्प्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे हात आखडता घेणे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उघडा पडलेला पाय पाहून नातेवाईक हादरतात आणि डॉक्टरवरही त्याचे दडपण येते. पण बोटभर कुजलेला पडदा मागे राहिला तर संसर्ग तिथून पुन्हा चालू लागतो. म्हणून पहिली शस्त्रक्रिया कितीही नीट झालेली वाटली तरी २४ तासांच्या आसपास रुग्णाला पुन्हा भूल देऊन जखम तपासतात. या शेतकऱ्याच्या मांडीच्या खालच्या भागात दुसऱ्या दिवशी आणखी तळहाताएवढा पडदा काढावा लागला. तिसऱ्या वेळी सर्व कडा स्वच्छ निघाल्या. दोन-तीन फेऱ्या लागणे नेहमीचे आहे आणि कुटुंबाला हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया ही पहिलीचे अपयश वाटत नाही.

पाय कापावा लागतो तो स्नायूंचे गटच्या गट मेलेले असतील, सांधा कुजला असेल, पायाचा रक्तपुरवठा आधीच संपलेला असेल, किंवा रुग्णाची प्रकृती वारंवार शस्त्रक्रिया झेपण्याच्या पलीकडे गेली असेल तेव्हा. नुसता पडदा आणि त्वचा गेली म्हणून पाय काढत नाहीत.

कूज थांबली की जखमेतून लालबुंद, दाणेदार ऊती वर येते. तोवर रोजची मलमपट्टी किंवा जखमेतला द्रव शोषून घेणारे नकारात्मक दाबाचे ड्रेसिंग चालते, साखर इन्सुलिनने ताब्यात ठेवतात आणि आहारात प्रथिने वाढवतात, कारण एवढ्या मोठ्या उघड्या जखमेतून शरीर रोज प्रथिने गमावते. मग दुसऱ्या मांडीवरून पातळ त्वचा घेऊन रोपण करतात. या सगळ्या आठवड्यांत घोटा काटकोनात आधार देऊन ठेवावा लागतो. तसे केले नाही तर पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेतच आखडते, आणि वाचवलेल्या पायाची टाच जमिनीला टेकत नाही.