कपडे नवे, रेष तीच

अ‍ॅनिमेतल्या पात्राला नवा पोशाख चढवताना चित्रकाराला दोन कामे करावी लागतात. नवा कपडा त्या शरीरावर कसा बसेल हे ठरवणे, हे पहिले. तो कपडा मूळ चित्र काढणाऱ्याच्याच हातचा वाटेल असे बघणे, हे दुसरे. पहिले काम शिवणाची आणि शरीररचनेची जाण असली की निभते. दुसरे बहुतेक वेळा रेषेच्या जाडीपाशी अडते. चेहरा आणि केस एका जाडीच्या रेषेत, कपडे दुसऱ्या जाडीच्या रेषेत, असे झाले की पोशाख अंगात घातलेला न वाटता वरून डकवल्यासारखा वाटतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

जपानी अ‍ॅनिमेत रेष जवळजवळ एकसारख्या जाडीची असते, ती केवळ आवड म्हणून नव्हे. एका पात्राची हजारो चित्रे अनेक हातांतून जातात, त्यामुळे कोणालाही तंतोतंत गिरवता येईल अशीच रेष लागते. सेल्युलॉइडच्या काळात पेन्सिलीची रेष यंत्राने कार्बनमार्फत पारदर्शक सेलवर उतरवत आणि मागच्या बाजूने रंग भरत. पुढे संगणक आल्यावर रेष स्कॅन होऊ लागली, आणि रंग सांडू नये म्हणून ती तुटक नसणे गरजेचे झाले. मांगाचे तसे नाही. तिथे निबचा दाब कमी-जास्त करून एकाच रेषेत जाड-बारीक खेळवता येते. म्हणून मांगातला पोशाख जसाच्या तसा अ‍ॅनिमेच्या पात्रावर गिरवला, तर पोशाख बरोबर असूनही चित्र चुकते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘कार्डकॅप्टर साकुरा’. क्लॅम्प या चित्रकार-गटाची ही मांगा ‘नाकायोशी’ मासिकात 1996 मध्ये सुरू झाली आणि 1998 मध्ये मॅडहाउस स्टुडिओने तिची मालिका केली. जादूगार मुलींच्या बहुतेक मालिकांत नायिकेचा वेषबदल एकदा काढून ठेवतात आणि तोच तुकडा दर भागात पुन्हा वापरतात; ‘सेलर मून’मध्ये तसेच आहे. साकुराचा पोशाख मात्र जादूने बदलत नाही. तिची मैत्रीण तोमोयो नवनवे कपडे शिवते, साकुराला घालायला लावते आणि वर तिचे व्हिडिओ चित्रण करते. गोष्टीत ही गंमत आहे, स्टुडिओसाठी मात्र मोठी मेहनत. पोशाख बदलला की त्याचे ‘सेत्तेई’, म्हणजे पुढून-मागून काढलेले नमुनाचित्र, नव्याने करावे लागते. त्यात कुठली रेष घ्यायची, कुठली गाळायची आणि सावलीची सीमा कुठे पडते हे ठरलेले असते. मालिकेसाठी पात्ररचना करणाऱ्या कुमिको ताकाहाशी यांनी क्लॅम्पच्या नाजूक, बारकाव्यांनी भरलेल्या रेषेतून गिरवता येईल अशी साधी रेष काढली. तिच्यात इतके पोशाख येऊन गेले, तरी साकुरा साकुराच राहिली.

एकट्या चित्रकारालाही हेच करावे लागते, फक्त सेत्तेई त्याची त्यालाच बनवावी लागते. समजा, शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आहे: नाविकी कॉलर, निऱ्यांचा स्कर्ट. तिला उन्हाळी जत्रेसाठी युकाता नेसवायचा आहे. चित्र ए-फोर आकाराचे, 350 डीपीआयचे, म्हणजे साधारण 2894 बाय 4093 पिक्सेलचे आहे आणि मुलगी जवळजवळ पूर्ण उंचीत उभी आहे.

सुरुवात रेघ ओढून नव्हे, मोजमापाने करायची. चित्र चांगले मोठे करून पाहिल्यावर समजा असे दिसले, की बाह्यरेषा 9-10 पिक्सेलची आहे, कॉलर आणि बोटांसारख्या आतल्या रेषा 6 च्या आसपास आहेत आणि कापडाच्या चुण्या 4 पासून सुरू होऊन टोकाशी विरतात. यापेक्षाही रेष कुठे बदलते ते टिपणे महत्त्वाचे. हनुवटीखाली, काखेत, जिथे दोन रेषा एकमेकींना भेटतात तिथे ती किंचित जड होते का? उजेडाच्या बाजूला बारीक होते का? रंग निव्वळ काळा आहे, की त्वचेभोवती तपकिरी आणि कपड्याभोवती गडद निळा? हे सगळे चित्राच्या कडेला लिहून ठेवावे.

मग ब्रश जुळवायचा. इथे नवखे फसतात. ब्रशचा आकार 10 पिक्सेल ठेवला म्हणून रेष 10 ची उमटत नाही. दाबानुसार जाडी बदलणारा ब्रश असेल तर मध्यम दाबाला ती 7 किंवा 8 चीच निघते. म्हणून जुन्या बाह्यरेषेला लागूनच, वेगळ्या लेयरवर, 10, 12, 14 आकाराच्या चार रेघा ओढून पाहाव्यात आणि जी रेष शेजारच्या रेषेत मिसळून जाईल तो आकार पक्का करावा. कडा कितपत मऊ आहे, हेही त्याच वेळी कळते. कडक कडेच्या चित्रात मऊ ब्रश घातला की मोजमाप बरोबर असूनही कपडा धूसर दिसतो.

मूळ चित्र लहान असेल, समजा हजार पिक्सेल उंचीचे आणि बाह्यरेषा तीनच पिक्सेलची, तर दोन वाटा उरतात. तेवढ्याच आकारात काम करायचे, किंवा चित्र मोठे करून चेहरा-केसांसकट सगळी रेष नव्याने ओढायची. जुनी रेष मोठी करून फुगवायची आणि तिच्या शेजारी ताजी, धारदार रेष ठेवायची हा तिसरा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात जोड हमखास उघडा पडतो.

पुढचे काम गणवेश उतरवण्याचे. तो पुसल्यावर खांदे, कंबर आणि मांड्यांच्या जागी भोके पडतात, कारण मूळ चित्रकाराने झाकलेले शरीर काढलेलेच नसते. ते कच्च्या रेषेत भरून घ्यावे लागते. शिवाय जुन्या कपड्याच्या खुणा उरतात: कॉलरवर पडलेली केसांची सावली, स्कर्टची गुडघ्यावरची सावली, बाहीमुळे अर्धवट कापलेले मनगट. या खुणा राहिल्या तर नव्या कपड्याखाली जुना कपडा असल्याचा भास होतो.

युकाता कसा नेसतात हे इथे ठाऊक असायला हवे. तो सरळ पट्ट्यांचा शिवलेला असतो. कमरेत घट्ट बेतलेला नसतो. नेसणाऱ्याची डावी बाजू वर येते. बायकांच्या युकात्यात जास्तीची लांबी कमरेशी दुमडतात आणि ती दुमड पट्ट्याखालून, म्हणजे ओबीखालून, थोडी डोकावते. मान मागे थोडी उघडी राहते. बाही हाताला चिकटत नाही, मनगटाखाली चौकोनी लोंबते. म्हणून गणवेशातली नाजूक कंबर ओबीखाली सरळ होते आणि बाह्याकृती स्कर्टच्या घेरातून नळकांड्यासारखी उभट बनते. हा बदल होऊ द्यावा. जुनी कंबर वाचवायला गेले की युकात्याचा झगा होतो.

खरी परीक्षा चुण्यांची आहे. निऱ्यांच्या स्कर्टवर पंधरा-वीस उभ्या रेषा असतात. युकात्यावर तेवढ्या चुण्या पडत नाहीत. कोपराच्या वाकणापाशी, ओबीच्या लगेच वर-खाली आणि पुढे टाकलेल्या गुडघ्याभोवती मिळून सात-आठ पुरे. फोटो समोर ठेवून काढणारा मात्र दिसेल ती प्रत्येक सुरकुती उतरवतो, आणि दोन रेषांत रंगवलेल्या चेहऱ्याखाली साठ रेषांचा कपडा येतो. रेषेची जाडी जुळली तरी रेषांची दाटी जुळत नाही, आणि शैली तिथेच मोडते. मोजायला सोपा निकष असा: मूळ चित्रात तळहाताएवढ्या जागेत किती रेषा होत्या ते पाहावे आणि नव्या कपड्यात त्याच्या फार पलीकडे जाऊ नये. भरगच्चपणा हवा असेल तर तो नक्षीतून आणावा, आणि नक्षीला काळी रेष न देता कापडाच्याच रंगाची गडद छटा द्यावी.

नक्षीचाही एक पेच आहे. फुलांची जाळी सपाट चिकटवली की ती चुण्यांवरून सरळ निघून जाते आणि कापड कागदासारखे दिसते. ‘गांकुत्सुओ’ या 2004 च्या गोंझो स्टुडिओच्या मालिकेत हे मुद्दाम केले आहे: पात्र हलते, पण कपड्यावरची नक्षी जागेवरच राहते, आणि त्यातून एक विचित्र, श्रीमंत झगमगाट तयार होतो. मात्र ती तिथली अख्खी शैली आहे. साध्या सेल-पद्धतीच्या चित्रात निदान बाही, धड आणि खालचा घेर यांवर नक्षी वेगवेगळी वळवावी आणि ती प्रत्येक शिवणीपाशी तोडावी.

पक्की रेष ओढताना मोठे करण्याचे प्रमाण बदलू नये. चेहऱ्याची रेष लांबून, एका झटक्यात ओढलेली असेल आणि बाही चौपट मोठी करून तुकड्या-तुकड्याने ओढली, तर जाडी तीच असूनही बाही थरथरती दिसते. काढलेला भाग नंतर ताणणेही घातक. ओबी लहान वाटली म्हणून 120 टक्के केली की 10 ची रेष 12 ची होते. क्लिप स्टुडिओ पेंटमध्ये व्हेक्टर लेयर वापरला तर आकार बदलूनही जाडी कायम ठेवता येते आणि रेषेची जाडी मागाहून दुरुस्तही करता येते. साध्या लेयरवर तो भाग पुन्हा काढणे, हाच उपाय.

रंगात रेषेइतके धोके नाहीत. मूळ चित्रात एक मूळ रंग आणि एक कडक कडेची सावली असेल, तर युकात्यालाही तेवढेच. मऊ छटांचा मोह टाळावा. उजेडाची दिशा नाकाच्या किंवा हनुवटीच्या सावलीवरून ओळखता येते. केसांची सावली नव्या गळ्यावर आणि ओबीची सावली तिच्या खालच्या कापडावर पडली, की कपडा अंगाला लागतो.

तपासणीसाठी आधी रंगाचे सगळे लेयर बंद करून निव्वळ रेष पाहावी; कपड्याचा भाग चेहऱ्यापेक्षा काळपट किंवा फिका दिसला तर जाडी चुकली आहे. मग चित्र अंगठ्याएवढे करावे. नजर चेहऱ्याऐवजी कपड्यावर खिळली तर रेषांची दाटी जास्त झाली आहे. शेवटी चित्र आरशासारखे उलटवून पाहतात, कारण तिरपे खांदे तसे चटकन दिसतात. युकात्याच्या बाबतीत मात्र एक खबरदारी हवी. उलटवलेल्या चित्रात उजवी बाजू वर येते, आणि जपानमध्ये तशी नेसणी मृताला करतात. पुन्हा सुलट न करताच फाइल जतन झाली, तर जत्रेला निघालेली मुलगी जपानी वाचकाला प्रेतवेषात दिसते.

पात्र पुन्हा त्याच पोशाखात येणार असेल, तर पुढून आणि मागून एकेक नमुनाचित्र काढून त्याच पानावर ब्रशचा आकार, तिन्ही प्रकारच्या रेषांची जाडी, रेषेचे रंग आणि सावलीचे रंग लिहून ठेवतात. ओबीची गाठ मागे असते, त्यामुळे मागच्या बाजूचे चित्र नसेल तर पुढच्या वेळी ती गाठ प्रत्येक चित्रात वेगळी निघते.