एका बिटावर भागतं?

अर्थावरून शोधणारी यंत्रणा प्रत्येक परिच्छेदामागे साधारण १,०२४ आकडे साठवते. आकड्याला ४ बाइट धरले, तर एक कोटी परिच्छेदांना ४१ जीबी रॅम लागते. आकडा एका बाइटात बसवला की १० जीबी. त्याहून धीट उपाय म्हणजे नुसतं चिन्ह ठेवायचं: धन असेल तर १, नाहीतर ०. मग १.३ जीबीत भागतं! अचूकता अर्थातच घटते. म्हणून दहा निकाल हवे असतील तर बिटांवरून शंभर निवडायचे आणि डिस्कवरच्या मूळ आकड्यांनी त्यांचा क्रम नव्याने लावायचा. शेवटचे आकडे छाटताही येतात, पण मॉडेल ‘मात्र्योश्का’ पद्धतीने शिकवलेलं असेल तर निकाल अधिक चांगले टिकतात. छाटण्याआधी आपल्याच शे-दोनशे प्रश्नांवर दोन्ही निकाल ताडून पाहा.