नेटवर्कच्या वायरीवर पेटणारे दिवे

फॉल्स सीलिंगची फरशी सरकवून वायरमनने दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही, दिवा मात्र लख्ख चालू होता. २३० व्होल्टवर हात बसलेल्या माणसाला हे चक्रावून टाकणारंच. पण त्या निळ्या वायरीत, म्हणजे संगणकाला इंटरनेट पुरवणाऱ्या लॅन केबलमध्ये, जेमतेम ५० ते ५७ व्होल्टचा डीसी प्रवाह होता. एवढ्यावर टेस्टरमधला निऑन पेटत नाही.

या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट, बोलीत पीओई म्हणतात. ॲमस्टरडॅममधली ‘द एज’ ही कार्यालयाची इमारत हे तिचं गाजलेलं उदाहरण. २०१४-१५च्या सुमारास सुरू झालेल्या या इमारतीत फिलिप्सने सुमारे साडेसहा हजार एलईडी दिवे नेटवर्कला जोडले आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या दिव्यांत सेन्सर बसवले. दिव्याला वीज आणि ‘मंद हो, इथे कोणी नाही’ हा निरोप, दोन्ही एकाच केबलमधून मिळतात. भिंतीवरच्या बटणाची जागा रॅकमधल्या नेटवर्क स्विचने घेतली आहे. नाव तेच, काम वेगळं.

स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही. आधी दहा व्होल्टच्या आतला हलका दाब देऊन तो पलीकडे ठरावीक, सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का हे चाचपतो. ओळख पटली तरच पूर्ण दाब देतो. त्यामुळे त्याच पोर्टला चुकून लॅपटॉप जोडला तरी तो जळत नाही.

खरा प्रश्न केबलच्या तारेचा आहे. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते, आणि दिव्यांसाठी नव्हे तर संदेशांसाठी घडवलेली. २०१८च्या मानकाने एका पोर्टवरून ९० वॅटपर्यंत वीज द्यायला परवानगी दिली, पण शंभर मीटरवरच्या दिव्याच्या वाट्याला ७१.३ वॅटच धरले. बाकीचे कुठे गेले? हिशेब सोपा आहे. ५२ व्होल्टवर ९० वॅट म्हणजे १.७३ अँपिअर. चारही जोड्या मिळून शंभर मीटरच्या जाण्यायेण्याचा रोध जास्तीत जास्त ६.२५ ओहम धरतात. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध केला की १८.७ वॅट निघतात. तेवढ्याने केबल तापते, आणि दिव्यापाशी ५२चे ४१ व्होल्ट उरतात.

म्हणून शहाणे डिझायनर ९० वॅटचा हव्यास धरत नाहीत. आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास दिसणारा दोन बाय दोन फुटांचा ३६ वॅटचा पॅनल घ्या. ५४ व्होल्टच्या स्विचवरून तो पन्नास मीटरवर चालवला, तर केबलमध्ये दीड वॅटच्या आसपास जातात. शंभर मीटरवर सव्वातीन. प्रवाह निम्म्याहून कमी झाला की नुकसान पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं. शंभर मीटरमध्ये भिंतीतली पक्की केबल नव्वद मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून दहा मीटर धरायची असते. रॅक मजल्याच्या एका कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा मधोमध ठेवला, तर हे अंतर आपसूक घटतं.

उष्णतेचा त्रास मात्र एकट्या केबलला नसतो, जुडग्याला असतो. पूर्ण भाराच्या चोवीस केबल एकत्र बांधल्या, तर दर मीटरला साडेचार वॅट उष्णता साठते आणि मधल्या केबलला ती बाहेर टाकायला वाट नसते. तांबं दहा अंशांनी तापलं की रोध चार टक्के वाढतो, म्हणून उष्णता आणखी वाढते. साध्या केबलची सहनशक्ती बहुधा ६० अंशांपर्यंत असते आणि मे महिन्यात एसी बंद असलेल्या फॉल्स सीलिंगच्या वर चाळीस अंश सहज होतात. चोवीसपेक्षा मोठी जुडगी बांधू नयेत, हा सल्ला त्यामुळे कागदी नाही.

डीसीमुळेच वीज वाचते, हा दावा मात्र जपून घ्यावा. स्विचमध्ये एसीचा डीसी करताना आणि दिव्यात पुन्हा दाब बदलताना तूट असतेच. बचत प्रामुख्याने सेन्सरची. दुसरा फायदा लोडशेडिंगला सरावलेल्या गावांत लगेच कळेल: रॅकच्या एकाच यूपीएसवर सगळे दिवे चालतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती स्वस्त केबलमध्ये. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. लांबच्या दिव्यापाशी दाब कोसळतो. ड्रायव्हर तेवढेच वॅट मिळवायला जास्त प्रवाह खेचतो, स्विचला ओव्हरलोड वाटून तो पोर्ट बंद करतो. मग दिवा पूर्ण उजेडावर गेला की विझतो, काही क्षणांत पुन्हा लागतो. दोष दिव्यावर येतो.

ओळखायचं कसं? पात्याने तार खरवडली की आत चंदेरी दिसते. पण पक्की परीक्षा मल्टिमीटरची: ३०५ मीटरच्या नव्या बॉक्समधल्या एका जोडीच्या दोन तारा एका टोकाला पिळून एकत्र करायच्या आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजायचा. अस्सल तांबं असेल तर आकडा ५७ ओहमच्या आत येतो. ऐंशीच्या आसपास आला, तर तो बॉक्स छतात चढायच्या आधीच दुकानात परत करावा.