डबा थंड आहे, हे कशावरून?

मे महिन्यात पुण्याहून ताम्हिणी घाटातून दिवेआगरला जायचं. पहाटे सहाला निघायचं आणि जेवण दुपारी दीडला. आइसबॉक्समध्ये दहीभात, श्रीखंड, उकडलेली अंडी आणि मसाला लावून ठेवलेली सुरमई आहे. म्हणजे साडेसात तास हे सगळं ५ अंशांच्या आत राहायला हवं.

आइसबॉक्स स्वतः काहीच थंड करत नाही, फक्त बाहेरची उष्णता आत यायला उशीर लावतो. जी आत शिरते ती शोषून घेण्याचं काम आइस पॅकचं. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. आता ३० अंशांवरच्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या आत ठेवल्या, तर त्यांना ५ अंशांवर आणायलाच ५० किलोकॅलरी लागतात. चारशे ग्रॅमचे तीन पॅक घेतले असतील, तर त्यातला निम्मा बर्फ घाट उतरेपर्यंत पाण्यावरच खर्च होतो! म्हणून जे न्यायचं ते रात्रभर फ्रीजमध्ये गार झालेलं असावं, आणि पॅक आदल्या दिवसापासून फ्रीजरमध्ये. पाण्याच्या बाटल्यांना वेगळी पिशवी द्या. त्यांच्यासाठी झाकण सारखं उघडलं जातं.

थंड हवा खाली बसते, त्यामुळे सगळे पॅक तळाशी ठेवून भागत नाही. एक तळाशी, दोन सर्वांत वर. कच्ची मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात, सर्वांत खाली. मधल्या फटी नॅपकिनने भरा. बॉक्स डिकीत नको, एसी लागतो तिथे सीटखाली बरा.

पोचल्यावर बहुतेकजण पॅक चाचपतात. तळाचा कडक लागला की निश्चिंत. पण झाकणाजवळचं श्रीखंड तोवर दहा-बारा अंशांवर गेलेलं असू शकतं. तेव्हा तपासायचं ते अन्न, पॅक नव्हे. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर बाजारात मिळतो. आधी त्याचीच परीक्षा घ्या: ग्लासभर कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून टोक बुडवा, एक-दोन मिनिटांत आकडा शून्याजवळ यायला हवा. मग टोक स्वच्छ पुसून सर्वांत वरच्या डब्यातल्या पदार्थाच्या मधोमध खुपसा. पॅकला टेकलं तर आकडा खोटा येईल. कच्च्या सुरमईत खुपसलेलं टोक साबणाने धुतल्याशिवाय दुसरीकडे लावू नका.

५ किंवा कमी असेल तर प्रश्नच नाही. जास्त असेल, तर ते किती वेळ तसं आहे हे महत्त्वाचं: एकूण दोन तासांपर्यंत चालतं, पण बाहेर ३२ अंशांहून अधिक गरमी असेल तर एकच तास. कोकणातल्या मे महिन्यात एकच तास धरा. वासावर विसंबू नका. काही जंतूंचं विष वास-चव न बदलता तयार होतं आणि उकळूनही जात नाही. त्यामुळे आकडा चढलेला आहे आणि वेळ माहीत नाही, असं असेल तर तो डबा सरळ टाकून द्या.