‘एकही’ला ‘नाही’ का लागतं?

‘एकही मुलगा आला नाही’ हे वाक्य कुणाला खटकत नाही. त्यातला ‘नाही’ काढा. ‘एकही मुलगा आला’ एवढंच उरतं, आणि वाक्य मध्येच तुटल्यासारखं वाटतं. इंग्रजीतल्या ‘एनी’ आणि ‘एव्हर’ची तऱ्हा साधारण अशीच आहे.

मग नियम सोपा झाला, ‘एकही’ला नकार हवा. पण दुकानदार म्हणतो, ‘बिलात एकही चूक सापडली तर पैसे परत.’ यात नकार कुठे आहे? ‘ज्या ज्या वहीत एकही चूक सापडली, ती ती बाईंनी परत केली’ हेही चालून जातं. ‘काही वह्यांत एकही चूक सापडली’ मात्र चालत नाही.

या गुंत्याची किल्ली विल्यम लाडुसॉ यांनी १९७९ मधल्या प्रबंधात दिली. जिल फोकोनिए यांनी त्याआधी तिकडे बोट दाखवलं होतं. लाडुसॉ यांनी नकार बाजूला ठेवून अनुमानाची दिशा तपासली. ‘त्याने फळ खाल्लं’ यावरून त्याने आंबा खाल्ला असं म्हणता येत नाही. पण ‘त्याने फळ खाल्लं नाही’ म्हटलं की आंबाही खाल्ला नाही, हे आपोआप आलं. व्यापकाकडून विशिष्टाकडे उतरता येणं, हे झालं अधोगामी अनुमान. ‘फळ खाल्लंस तर पोट दुखेल’ यातही ते आहे, कारण आंबा खाल्ला तरी पोट दुखणारच. ‘चूक असलेली प्रत्येक वही परत केली’ म्हणजे शुद्धलेखनाची चूक असलेलीही परत केली. जिथे असं उतरता येतं, तिथे ‘एकही’ बसतो. हा निकष इतका नेमका आहे, की एकाच वाक्याचे दोन भाग तो वेगळे करतो. वह्यांच्या वाक्यात ‘एकही’ पहिल्या भागात शोभतो. तोच उचलून ‘जिच्यात चूक सापडली, तिच्यावर बाईंनी एकही शेरा लिहिला’ असं म्हणून पाहा, लगेच अडखळाल.

पण ‘एकही’ कुठे बसतो हे कळलं, तरी का बसतो हे कळत नाही. एका साध्या शब्दाला अनुमानाच्या दिशेशी काय देणंघेणं? लाडुसॉ यांच्या मांडणीत ही अट वरून घातल्यासारखी राहते.

१९९० च्या दशकात मानफ्रेड क्रिफ्का आणि इतरांनी उत्तर श्रेणीत शोधलं. उत्पल लाहिरी यांनी १९९८ मध्ये हिंदीतल्या ‘एक भी’ची फोड केली. ती मराठीला जवळपास जशीच्या तशी लागू पडते: एक अधिक ही. हा ‘ही’ म्हणजे ‘सुद्धा’. ‘साहेबसुद्धा आले’ असं आपण साहेब येण्याची शक्यता सगळ्यांत कमी असेल तेव्हाच म्हणतो. आता ‘एक मुलगा आला’ हे विधान ‘दोन आले’, ‘तीन आले’ यांच्या शेजारी ठेवा. दोन आले असतील तर एक आलाच, म्हणून एक येण्याची शक्यता दोन येण्याहून कमी असूच शकत नाही. ‘ही’ची मागणी कधीच पुरी होत नाही, म्हणून वाक्य पडतं. नकार आला की क्रम उलटतो. एकसुद्धा आला नाही, यात दोन किंवा तीन आले नाहीत हे सामावलंच, त्यामुळे ते सगळ्यांत जोरदार विधान ठरतं आणि ‘ही’चं समाधान होतं.

जेनारो किएर्किया हेच तत्त्व रोजच्या सूचित अर्थाला जोडतात. ‘काही मुलं आली’ म्हटलं की ऐकणारा ‘म्हणजे सगळी नाही’ असं धरतो, कारण सगळी आली असती तर बोलणाऱ्याने तसं सांगितलं असतं. किएर्किया यांच्या मते ‘एनी’सारख्या शब्दांत अशी वजाबाकी सक्तीची असते. वर्गात समीर आणि राधा दोघंच आहेत असं धरा. ‘दोघांपैकी कुणीतरी आलं’ या विधानाहून ‘समीर आला’ आणि ‘राधा आली’ ही दोन्ही अधिक जोरदार, म्हणून दोन्ही वजा होतात. मग कुणीतरी आलं, पण समीरही नाही आणि राधाही नाही! नकारात वजा करण्यासारखं काही उरतच नाही.

प्रश्नांत श्रेणीचं पारडं जड होतं. प्रश्न खरा किंवा खोटा नसतो, तेव्हा त्यातून सरळ अनुमान कसं काढणार? तरी ‘तुझ्याकडे एकही पुस्तक आहे का?’ हे चालतं, आणि वर टोमणाही ऐकू येतो. ‘एक तरी आहे का?’ मध्ये तो नसतो. उत्तर ‘नाही’ असेल तरच ‘ही’ची मागणी पुरी होते, त्यामुळे विचारणाऱ्याने नकार गृहीत धरल्यासारखं वाटतं.

तरी श्रेणीवाल्यांकडेही उधारी आहे. ‘पाऊस पडतोय आणि पडत नाही’ हेही विसंगतच, पण व्याकरणाला ते खुपत नाही, ‘एकही मुलगा आला’ मात्र खुपतं. विसंगती केवळ तार्किक शब्दांतून आली तरच व्याकरण ती नाकारतं, असं उत्तर दिलं जातं. शिवाय ‘पाचही मुलं आली’ मधला ‘ही’ नकाराविना सुखात नांदतो, कारण तिथे त्याचा अर्थ ‘सगळी’ असा आहे. आणि ‘मुळीच’ला तर ‘तर’ पुरत नाही, थेट नकारच लागतो. माझ्या मते ‘एकही’चा खटला श्रेणीने जिंकला आहे, ‘मुळीच’चा अजून नाही.